राउटरची वही

वायफायला जोडलेल्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आयपी पत्ता पाहिला, तर बहुतेक घरांत 192.168 ने सुरू होणारा आकडा दिसतो. समजा, 192.168.1.7. नाशिकच्या एखाद्या फ्लॅटमधल्या फोनला हा पत्ता मिळतो, तसाच तो कोल्हापुरातल्या, मडगावातल्या आणि टोरांटोत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या फोनलाही मिळतो. एकाच क्षणी जगभरातल्या असंख्य यंत्रांचा पत्ता हाच असतो. तरीही नाशिकच्या फोनने उघडलेले बातमीचे पान नाशिकच्याच फोनवर येते, टोरांटोला जात नाही.

याचे कारण घराच्या कोपऱ्यात दिवा लुकलुकत बसलेला राउटर. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता तो पुसतो, तिथे स्वतःचा पत्ता घालतो आणि काय बदलले ते एका वहीत टिपून ठेवतो. उत्तर आले की वही पाहून उलटा बदल करतो. या कामाला नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन म्हणतात. इंजिनिअर मंडळी त्याला ‘नॅट’ म्हणतात. आज बहुतेक घरे आणि कार्यालये नॅटच्या आड आहेत. नॅटमुळे जे चालते ते या वहीमुळे चालते आणि जे मोडते तेही या वहीमुळेच मोडते.

मूळ इंटरनेटमध्ये अशी वही नव्हती. प्रत्येक यंत्राला जगात एकमेव असा पत्ता आणि कोणत्याही यंत्राने कोणत्याही यंत्राशी थेट संपर्क साधायचा, अशी ती मांडणी होती. मधल्या राउटरने फक्त पॅकेट पुढे ढकलायचे. कोण कोणाशी बोलत आहे, हे लक्षात ठेवणे त्याचे काम नव्हते. मात्र पत्ता होता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे पुरणार नाहीत, असे दिसू लागले. मे १९९४ मध्ये शेल्ड इगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या दस्तऐवजात नॅटची मांडणी केली. त्यांनी स्वतःच तिला अल्प मुदतीचा उपाय म्हटले होते आणि दीर्घकाळासाठी ती योग्य नाही, असेही स्पष्ट लिहिले होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ आले आणि 10.0.0.0, 172.16.0.0 आणि 192.168.0.0 पासूनचे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. हे पत्ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, पण सार्वजनिक इंटरनेटवर ते चालणार नाहीत, असा नियम झाला. म्हणूनच नाशिक आणि टोरांटो या दोन्ही ठिकाणी 192.168.1.7 सुखाने नांदतो.

आता नाशिकच्या त्या फ्लॅटमध्ये नेमके काय घडते ते पाहू. राउटरला बाहेरच्या बाजूने एकच सार्वजनिक पत्ता मिळाला आहे, 203.0.113.25. (हा आकडा पुस्तकी उदाहरणांसाठीच राखलेल्या पट्ट्यातला आहे.) आईच्या फोनचा पत्ता 192.168.1.7, मुलाच्या लॅपटॉपचा 192.168.1.9. दोघांनी एकाच वेळी एकच वेबसाइट उघडली आणि तिच्या सर्व्हरचा पत्ता 198.51.100.80 आहे. प्रत्येक पॅकेटवर दोन पत्त्यांबरोबर दोन पोर्ट क्रमांकही असतात. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रातली वेगवेगळी संभाषणे ओळखण्यासाठी दिलेला ० ते ६५,५३५ मधला आकडा. सर्व्हरच्या बाजूचा पोर्ट ठरलेला असतो. सुरक्षित वेबसाइटसाठी तो ४४३. आपल्या बाजूचा पोर्ट मात्र यंत्र स्वतः निवडते. समजा, योगायोगाने फोन आणि लॅपटॉप या दोघांनीही ५१५१४ हाच निवडला.

फोनचे पॅकेट आधी आले. राउटरने 192.168.1.7 पुसून 203.0.113.25 लिहिले आणि पोर्ट तसाच ठेवला. मग लॅपटॉपचे पॅकेट आले. त्यावरही पत्ता बदलायचा, पण पोर्ट तोच ठेवला तर उत्तर कोणाचे ते कळणार नाही. म्हणून राउटरने मोकळा असलेला दुसरा पोर्ट दिला. पत्ता बदलल्यावर पॅकेटमधली पडताळणीची बेरीजही बिघडते, तीही तो नव्याने मांडतो. वहीत दोन ओळी उमटल्या:

```
192.168.1.7:51514  ->  203.0.113.25:51514
192.168.1.9:51514  ->  203.0.113.25:40022
```

सर्व्हरच्या दृष्टीने दोन्ही मागण्या एकाच पत्त्यावरून, दोन वेगळ्या पोर्टांवरून आल्या. त्याने दोघांना उत्तर पाठवले. 40022 वर आलेले पॅकेट राउटरने वहीत शोधले, त्यावर 192.168.1.9 आणि 51514 लिहिले आणि लॅपटॉपकडे सोडले. हे सगळे सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात होते आणि लॅपटॉपला आपला पत्ता वाटेत बदलला गेल्याचा पत्ताही लागत नाही.

पण या वहीत नवी ओळ लिहिली जाते ती फक्त आतून कोणी बाहेर गेल्यावर. बाहेरून एखादे पॅकेट न बोलावता आले, तर त्याची ओळ सापडत नाही. आत पाच यंत्रे आहेत. ते कोणाला द्यायचे? राउटरला माहीत नसते, म्हणून तो ते टाकून देतो. म्हणजे नॅटमागचे यंत्र दुसऱ्याला हाक मारू शकते, पण त्याला कोणी हाक मारू शकत नाही. इंटरनेटवर कोणीही सर्व्हर होऊ शकेल ही जी मूळची समानता होती, ती इथे संपली. वेबसाइट पाहणाऱ्याला हा फरक कधी जाणवत नाही. ज्याला घरातल्या यंत्रापर्यंत बाहेरून पोहोचायचे आहे, त्याला तो पहिल्याच दिवशी जाणवतो.

सीसीटीव्हीचेच घ्या. बंगल्यात किंवा फार्महाउसवर चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर बसवला, की मालकाला मोबाइलवरून कुठूनही चित्र पाहायचे असते. डीव्हीआरचा पत्ता 192.168.1.20, त्याचा पोर्ट 8000. पूर्वी कॅमेरे बसवणारा तंत्रज्ञ राउटरच्या पानावर Port Forwarding मध्ये जाऊन लिहायचा, की बाहेरून 8000 वर जे येईल ते 192.168.1.20 ला द्यावे. वहीत हाताने लिहिलेली ही कायमची ओळ. मोबाइलमध्ये राउटरचा सार्वजनिक पत्ता टाकला की चित्र दिसायचे. आज तोच तंत्रज्ञ तीच नोंद अचूक करतो आणि तरीही काही दिसत नाही. चूक त्याची नसते. घराबाहेर, इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे, आणखी एक वही असते आणि तिच्यात लिहिण्याचा अधिकार ना त्याला असतो ना मालकाला.

ही दुसरी वही का आली? पत्त्यांचे जागतिक वाटप करणाऱ्या आयानाचा साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. आशिया-पॅसिफिकसाठी वाटप करणारी एपनिक ही संस्था त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या मोठ्या गठ्ठ्यावर आली आणि त्यातून एका संस्थेला फार तर १,०२४ पत्ते देण्याचा नियम लागू झाला. ज्या ब्रॉडबँड कंपनीकडे एवढेच पत्ते आणि दहा हजार ग्राहक आहेत, तिला एका पत्त्यावर सुमारे दहा घरे बसवणे भाग आहे. त्यासाठी कंपन्यांनी स्वतःकडे मोठे नॅट बसवले. त्याला कॅरियर-ग्रेड नॅट किंवा ‘सीजीनॅट’ म्हणतात. एप्रिल २०१२ मध्ये या कामासाठी 100.64.0.0 ते 100.127.255.255 हा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा खास पट्टा राखून देण्यात आला.

आपण सीजीनॅटमागे आहोत का, हे कोणालाही तपासता येते. राउटरच्या माहितीच्या पानावर WAN IP असा एक आकडा असतो. तो टिपून घ्यावा आणि मग आपला पत्ता दाखवणारी एखादी वेबसाइट उघडावी. दोन्ही आकडे सारखे असतील तर मध्ये दुसरे नॅट नाही. राउटर 100.72.14.9 दाखवतो आणि वेबसाइट 203.0.113.25, असे झाले तर सीजीनॅट आहे. काही कंपन्या आतल्या बाजूला 10 ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. राउटरवरच 192.168 ने सुरू होणारा पत्ता दिसला तर बहुधा घरातच एकामागे एक दोन राउटर लागले आहेत. विंडोज संगणकावर पॅकेटचा रस्ताही पाहता येतो:

```
tracert 8.8.8.8
```

यात पहिला टप्पा घरच्या राउटरचा असतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्याला 100.64 ते 100.127 मधला पत्ता दिसला तर शंका आणखी बळावते.

मग आजचे कॅमेरे मोबाइलवर दिसतात कसे? डीव्हीआर स्वतःच बाहेर जाऊन उत्पादक कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क जोडून ठेवतो. मोबाइलही त्याच सर्व्हरकडे जातो. दोघेही आतून बाहेर गेलेले असल्यामुळे दोन्हीकडच्या वह्यांत ओळी तयार असतात. क्यूआर कोड स्कॅन केला की चित्र येते, ते या मार्गाने. सोय मोठी आहे, पण आपल्याच घरातले चित्र पाहण्यासाठी आता दूरच्या एका कंपनीचा सर्व्हर चालू असावा लागतो. तो बंद पडला, किंवा कंपनीने ती सेवाच थांबवली, तर घरचे इंटरनेट ठणठणीत असूनही बाहेरून कॅमेरा दिसत नाही. कॅमेरे विकत घेताना हे फारसे कोणी सांगत नाही.

वहीचा दुसरा दोष असा की तिच्यातल्या ओळी कायम राहत नाहीत. जागा मर्यादित असते, म्हणून काही काळ हालचाल नसलेली ओळ राउटर खोडतो. वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या टीसीपीमध्ये संभाषण कधी सुरू झाले आणि कधी संपले, हे पॅकेटवरूनच कळते. इंटरनेट फोन आणि गेम ज्यावर चालतात त्या यूडीपीत तशी खूण नसते. तिथे राउटरला अंदाजच बांधावा लागतो. अशी ओळ निदान दोन मिनिटे तरी ठेवावी आणि पाच मिनिटे ठेवली तर उत्तम, असे मानक सांगते. प्रत्यक्षात कित्येक राउटर तीस सेकंदांतही ती खोडून टाकतात.

याचा त्रास इंटरनेटवर चालणाऱ्या ऑफिसच्या टेबलफोनला होतो. सकाळी फोन सुरू झाला, त्याने सर्व्हरकडे नाव नोंदवले, वहीत ओळ उमटली. मग बराच वेळ शांतता. राउटरने ओळ खोडली. आता गिऱ्हाइकाचा फोन आला, सर्व्हरने पॅकेट पाठवले, राउटरने ते टाकून दिले आणि घंटा वाजलीच नाही. ऑफिसमधल्या माणसाने स्वतः कोणाला फोन लावला, की पुढची काही मिनिटे येणारे फोनही वाजू लागतात. बाहेर जाणारा फोन लागतो, येणारा कधी वाजतो कधी नाही, अशी तक्रार ऐकली की जाणता इंजिनिअर आधी नॅटच्या वेळमर्यादेकडे पाहतो. उपाय साधा आहे: दर वीस-तीस सेकंदांनी फोनने एक लहानसे पॅकेट पाठवत राहायचे. मोबाइलला मात्र त्यासाठी वारंवार जागे व्हावे लागते आणि बॅटरी खर्च होते.

तिसरी मोडतोड अधिक खोल आहे. राउटर पॅकेटच्या वरच्या भागातला पत्ता बदलतो, पण काही प्रोटोकॉल मजकुरातही पत्ता लिहितात. फाइल पाठवण्याचा जुना एफटीपी हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या मूळ पद्धतीत संगणक सर्व्हरला सांगतो, की फाइल देण्यासाठी अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर तू मला जोड:

```
PORT 192,168,1,9,200,10
```

पहिले चार आकडे पत्ता आहेत आणि शेवटच्या दोघांतून पोर्ट निघतो: २०० गुणिले २५६ अधिक १०, म्हणजे ५१२१०. सर्व्हर प्रामाणिकपणे 192.168.1.9 ला जोडायला जातो, पण तो पत्ता त्याच्या जगात अस्तित्वातच नाही. म्हणून लॉगिन होते आणि फाइलची यादी मागितली की सगळे अडकते. यावर राउटर बनवणाऱ्यांनी मजकूर वाचून त्यातलाही पत्ता बदलण्याची सोय घातली. संभाषण गुप्त लिपीत असेल तर राउटरला मजकूर वाचताच येत नाही आणि ती सोय कुचकामी ठरते. शेवटी एफटीपीलाच पद्धत बदलावी लागली. ‘पॅसिव्ह’ पद्धतीत दोन्ही जोडण्या आतूनच बाहेर जातात. इंटरनेट फोनचा एसआयपी प्रोटोकॉलही मजकुरात पत्ता लिहितो. तिथे फोन लागतो, पण आवाज एकाच बाजूला ऐकू येतो. राउटरमधली SIP ALG ही सोय यासाठीच असते आणि ती इतक्यांदा उलट बिघाड करते, की ती बंद करून पाहा, हा तंत्रज्ञांचा अगदी सुरुवातीचा सल्ला असतो.

दोन घरांतली दोन यंत्रे, दोन्ही नॅटमागे, आणि त्यांना थेट व्हिडिओ कॉल करायचा आहे. इथे अभियंत्यांनी खरोखर सुंदर युक्ती काढली. पुण्याचा फोन आणि दुबईचा फोन आधी एका तिसऱ्या सर्व्हरला विचारतात, की बाहेरून माझा पत्ता आणि पोर्ट काय दिसतो? या विचारण्याच्या पद्धतीला स्टन म्हणतात. मग दोघे ती माहिती एकमेकांना पोहोचवतात आणि एकाच सुमारास एकमेकांकडे पॅकेट सोडतात. पुण्याच्या पॅकेटमुळे पुण्याच्या वहीत ओळ उमटते, दुबईच्या पॅकेटमुळे दुबईच्या. एखादे पहिले पॅकेट वाया जाईल, पण पुढची पॅकेटे दोन्ही राउटरांना अपेक्षित उत्तरेच वाटतात आणि आत जातात. एक अट मात्र आहे: फोन कोणाशीही बोलला तरी राउटरने त्याला बाहेरचा तोच पोर्ट दिला पाहिजे. काही नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळा पोर्ट देतात. मग स्टनने सांगितलेला पोर्ट दुसऱ्या फोनसाठी लागू पडत नाही आणि सगळा आवाज, सगळे चित्र मधल्या एखाद्या सर्व्हरमार्फत न्यावे लागते. त्यात अंतर वाढते, बोलणे उशिरा पोहोचते आणि त्या सर्व्हरचा खर्च कोणीतरी भरत असतो.

सीजीनॅटमुळे आणखी एक टंचाई येते, ती पोर्टांची. एका पत्त्याचे ६५,५३६ पोर्ट. पहिले १,०२४ सोडले तर उरतात ६४,५१२. ते ६४ घरांत सारखे वाटले तर प्रत्येकाला १,००८ येतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण आजचे एक वेबपान उघडायला डझनावारी जोडण्या लागू शकतात आणि घरात दहा यंत्रे असू शकतात. वाटा संपला की नव्या जोडणीला ओळ मिळत नाही. जपानच्या एनटीटीतील शिन मियाकावा यांनी जोडण्यांवर मर्यादा घालून गुगल मॅप्स उघडून दाखवला होता: मर्यादा जसजशी आवळली, तसतसे नकाशाचे चौकोन रिकामे राहू लागले. वेग तपासणारी चाचणी उत्तम आकडा दाखवते आणि तरीही पाने अर्धवट उघडतात, तेव्हा हे एक कारण लक्षात ठेवावे.

आणि मग प्रश्न येतो ओळखीचा. एक पत्ता म्हणजे एक माणूस किंवा निदान एक घर, असे गृहीत धरून जगातल्या बऱ्याच व्यवस्था चालतात. डिसेंबर २००६ च्या अखेरीस विकिपीडियावर एका पत्त्यावरून खोडसाळपणा होत होता म्हणून तो अडवला गेला. त्या काळी कतारमधली जवळजवळ सगळी वाहतूक त्याच एका पत्त्यावरून बाहेर पडत असे. तिथे मध्ये नॅटऐवजी प्रॉक्सी होता, पण परिणाम तोच: एका अडवणुकीने देशभरातल्या लोकांचे निनावी संपादन थांबले. पोलिस तपासातली अडचण याहून गंभीर आहे. फसवणुकीचा ईमेल 203.0.113.25 वरून आला एवढेच सर्व्हरने नोंदवले असेल, तर कंपनी त्या क्षणी तो पत्ता वापरणारी डझनावारी कुटुंबे दाखवील. नेमके घर सापडायचे तर पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ हवी. सर्व्हर चालवणाऱ्यांनी पोर्टही नोंदवावा, अशी शिफारस २०११ मध्येच आरएफसी ६३०२ ने केली. तरीही पुष्कळ सर्व्हर आजही फक्त पत्ता नोंदवतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपोलने सीजीनॅटमुळे गुन्हेगार शोधणे अवघड होते, अशी जाहीर चिंता व्यक्त केली. निरपराध घरांवर संशयाची सावली पडण्याची ही शक्यता नॅटच्या इतर सगळ्या गैरसोयींपेक्षा वाईट आहे.

नॅट आपले रक्षण करते, असे बरेचदा म्हटले जाते. न बोलावलेले पॅकेट ते टाकून देते, हे खरे आहे. पण तेच काम पत्ता न बदलता साधी फायरवॉल करते, तीही जाणीवपूर्वक आणि ठरवलेल्या नियमांनी. नॅटवर विसंबून राहणे किती पोकळ आहे, ते २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने दाखवले. इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे आणि डीव्हीआर त्याने शोधले, कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेलाच नव्हता, आणि ती यंत्रे त्याने हल्ल्यांना जुंपली.

या सगळ्यावरचे मूळ औषध म्हणजे आयपीव्ही६. त्याचे पहिले मानक डिसेंबर १९९५ चे, म्हणजे नॅटच्या प्रस्तावानंतर जेमतेम दीड वर्षाचे. त्यात पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि तो पुसण्याची गरज उरत नाही. या बाबतीत भारत मागे नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने आपल्या नेटवर्कवर ते मोठ्या प्रमाणावर वापरले आणि एपनिकच्या मोजणीत भारत आयपीव्ही६ वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत आहे. पण ज्या वेबसाइटी, कॅमेरे आणि कार्यालये अजून फक्त जुना पत्ताच जाणतात, त्यांच्यासाठी नॅट आणि सीजीनॅट दोन्ही चालूच ठेवावे लागतात. नवा डीव्हीआर आयपीव्ही६ जाणत नसेल, तर घराला तो पत्ता मिळूनही उपयोग नाही.

म्हणून नवे ब्रॉडबँड घेताना वेगाच्या आकड्याबरोबर दोन प्रश्न विचारावेत: आयपीव्ही६ मिळणार आहे का, आणि सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता हवा असल्यास त्याचे किती पैसे पडतील? राउटरमध्ये आयपीव्ही६ बंद असेल तर चालू करावे, त्याची फायरवॉल मात्र बंद करू नये. कॅमेरे घेताना त्यांना आयपीव्ही६ चालते का, हे पाहावे आणि बसवल्या दिवशीच त्यांचा पासवर्ड बदलावा.